निवेदन, पार्श्वसंगीत आणि पावसाचा आवाज: कथेच्या अभिवाचनात तिघांचा तोल कसा साधायचा

एका मैत्रिणीने लिहिलेली नऊ मिनिटांची कथा आम्ही ध्वनिमुद्रित केली. घाटात बंद पडलेली एसटी, रात्र, पाऊस आणि शेवटी दारावर पडणारी थाप. हेडफोन लावून मी मिश्रण केलं तेव्हा सगळं छान जमलंय असं वाटलं. मग तीच फाइल आईने स्वयंपाकघरात मोबाइलवर लावली, शेजारी कुकर चालू होता. दुसऱ्याच मिनिटाला ती म्हणाली, "अगं, पाऊस ऐकू येतोय, बाई काय म्हणतेय ते नाही कळत."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तीच कथा मी पुन्हा पहिल्यापासून मिसळायला घेतली. त्या दुसऱ्या वेळची सगळी कृती इथे आकड्यांसकट देत आहे. काम ऑडॅसिटीत केलं आहे, कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी क्रम हाच ठेवा, बटणांची नावं तेवढी बदलतील.

कानाला वाटणारी पातळी आणि शिखर

ऑडॅसिटीत दिसणारी लाट ही शिखरं दाखवते, म्हणजे आवाज क्षणभर किती उंच गेला ते. आपल्याला तो किती मोठा वाटतो, ही वेगळी गोष्ट आहे. दारावरची थाप लाटेत उंचच उंच दिसते, पण ती दशांश सेकंदात संपते. तंबोऱ्याची लाट बुटकी दिसते, पण तो सलग वाजत असल्यामुळे कान भरून टाकतो. लाटा बघून तोल साधायला गेलं की फसायला होतं ते इथेच.

म्हणून वाटणाऱ्या पातळीसाठी वेगळं माप आहे. पडद्यावर ते `LUFS` असं दिसतं आणि बोलताना सगळे लफ्स म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2006 च्या शिफारशीतून हे मोजमाप आलं. त्यात माणसाच्या कानाला कोणत्या पट्ट्या जास्त जाणवतात याचा हिशेब धरलेला असतो आणि लांब शांत जागा सरासरीतून वगळलेल्या असतात. शून्य ही वरची हद्द, म्हणून सगळे आकडे उणे असतात. उणे 16 हे उणे 24 पेक्षा मोठं. एक लफ्सचा फरक म्हणजे एका डेसिबलचा फरक, त्यामुळे बेरीज-वजाबाकी सरळ करता येते.

ऑडॅसिटी फाइलची पातळी बदलून देते, पण आत्ता ती किती आहे ते आकड्यात सांगत नाही. ते मोजायला मी `ffmpeg` हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम वापरते:

```
ffmpeg -i katha.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश छापला जातो त्यात `I:` पुढचा आकडा म्हणजे संपूर्ण फाइलची सरासरी पातळी आणि `Peak:` म्हणजे सर्वांत उंच शिखर. सध्या एवढे दोनच आकडे बघा. फाइल स्टीरिओ करून मोजा. एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो फाइल हीच आज्ञा तीन डेसिबलने कमी दाखवते आणि मग पुढची सगळी गणितं तिनाने चुकत जातात.

आधी फक्त निवेदन

संगीत आणि पाऊस दोन्ही म्यूट करा. ज्याच्यापासून बाकी सगळं मोजायचं ते निवेदनच जागेवर बसलेलं नसेल, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती वाया जाते. माझी पहिल्या वेळची चूक हीच होती. मी संगीत लावून मग निवेदन वर चढवत गेले, ते पुरेना म्हणून संगीत उतरवलं, मग पाऊस जास्त वाटायला लागला. काहीच कशाला धरून नव्हतं.

आमचं मूळ ध्वनिमुद्रण उणे 29 लफ्स होतं आणि शिखर उणे 9 डेसिबलला. ते उणे 18 लफ्सला आणायचं ठरवलं. म्हणजे 11 डेसिबल वाढवायचे. पण तेवढे सरळ वाढवले तर शिखर अधिक 2 ला जातं, म्हणजे हद्दीच्या बाहेर, आणि तिथे आवाज फाटतो. कथेत एका जागी ड्रायव्हर ओरडतो, ते शिखर त्याचं होतं. एका ओरडण्यापायी बाकीची साडेआठ मिनिटं खाली राहत होती.

इथे कॉम्प्रेसर लागतो. त्याचं काम एवढंच की ठरवलेल्या रेषेच्या वर जे जाईल ते दाबायचं. `Effect` मेन्यूतल्या `Volume and Compression` मध्ये `Compressor` आहे. `Threshold` उणे 22, `Ratio` 3, `Attack` 10 मिलिसेकंद, `Release` 150 मिलिसेकंद आणि `Make-up gain` शून्य ठेवला. तीनास एक या प्रमाणाचा अर्थ असा की रेषेच्या वर 13 डेसिबल गेलेलं ओरडणं साधारण सव्वाचार डेसिबलच वर राहतं. शिखर उणे 9 वरून जवळजवळ उणे 17 ला आलं. सरासरी मात्र तीनच डेसिबलने उतरली, कारण साधं बोलणं रेषेच्या आसपासच होतं.

मग त्याच मेन्यूतलं `Loudness Normalization` उघडलं, `perceived loudness` निवडून उणे 18 भरलं आणि `Treat mono as dual-mono` ला टिक ठेवली. आता निवेदनाची पातळी उणे 18 लफ्स आणि शिखर उणे 3 च्या जवळ.

यात बिघडतं कुठे तर श्वासात. कॉम्प्रेसरनंतर सगळं वर चढवलं की दोन वाक्यांमधला श्वास आणि खोलीतल्या पंख्याची घरघरही वर येते. निवेदन एकटं ऐकताना श्वास शब्दाइतकाच मोठा वाटू लागला तर प्रमाण तिनावरून दोनवर आणा आणि ओरडण्यासारख्या एखाद-दुसऱ्या जागा आधी हाताने निवडून `Amplify` ने पाच-सहा डेसिबल उतरवा. हाताने केलेलं हे काम यंत्राने सगळीकडे सारखं दाबण्यापेक्षा नेहमीच जास्त नैसर्गिक ऐकू येतं. वेळ असेल तर मी तेच करते.

संगीताच्या दोन पातळ्या

पार्श्वसंगीत किती ठेवायचं, असं विचारलं जातं तेव्हा उत्तर म्हणून एकच आकडा अपेक्षित असतो. संगीताला आकडे दोन लागतात. एक मोकळ्या जागेतला, जिथे कोणी बोलत नाही. दुसरा बोलण्याखालचा.

वेबवरच्या सुलभतेसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत बोलण्यामागचा आवाज बोलण्यापेक्षा निदान 20 डेसिबल खाली असावा अशी एक कसोटी आहे. एक-दोन सेकंदांच्या तुरळक आवाजांना तिच्यातून सूट आहे. ती सर्वांत कडक पातळीची कसोटी आहे आणि मुख्यतः कमी ऐकू येणाऱ्यांचा विचार करून केलेली आहे. पण कुकरशेजारी उभी असलेली आई आणि एसटीच्या खिडकीत बसून मोबाइल कानाला लावणारा श्रोता यांची स्थितीही काही वेगळी नसते. कथेसाठी मी तोच आकडा धरला.

निवेदन उणे 18, म्हणून बोलण्याखालचं संगीत उणे 38. मोकळ्या जागेत ते उणे 24 ठेवलं, म्हणजे निवेदनापेक्षा सहा डेसिबल खाली. मोकळं संगीत निवेदनाच्या बरोबरीला आणलं, तर निवेदक पुन्हा बोलायला लागतो तेव्हा तो लांब गेल्यासारखा वाटतो. दोन आकड्यांमधला फरक 14 डेसिबल. बोलणं सुरू झालं की संगीताने आपोआप 14 डेसिबल खाली जायचं आणि थांबलं की परत यायचं. याला डकिंग म्हणतात.

ते करण्याआधी संगीतावर दोन कामं केली. विकत घेतलेलं संगीत उणे 11 लफ्सचं होतं, ते `Loudness Normalization` ने उणे 24 ला आणलं. दुसरं काम ईक्यूचं, म्हणजे आवाजातल्या ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करण्याचं. आपल्या व्यंजनांची स्पष्टता साधारण 1000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. 'पाट' आणि 'ताट' यांतला फरक कान मुख्यतः तिथे ओळखतो. `EQ and Filters` मधल्या `Filter Curve EQ` मध्ये संगीताची रेषा 1000 पासून हळूहळू उतरवत 2000 हर्ट्झला चार डेसिबल खाली आणली आणि 4000 ला परत जागेवर नेली. मोकळ्या जागेत संगीत जरासं मऊ वाटतं एवढंच, बोलण्याखाली मात्र शब्दांना वाट मिळते.

ईक्यूने सुटत नाही असा एक प्रश्न आहे. आमच्या संगीतात तंबोरा आणि बासरी होती. तंबोरा बोलण्याखाली चालतो, कारण तो तसाच राहतो आणि मनाला त्याच्या मागे जावं लागत नाही. बासरीची ओळ मात्र बोलत असते, आणि तीही साधारण बाईच्या आवाजाच्याच पट्टीत. 20 डेसिबल खालीसुद्धा ती लक्ष ओढून घेत होती. सुदैवाने दोन्ही वेगळ्या फाइलींत मिळालं होतं. बासरी फक्त प्रसंग बदलतात तिथे ठेवली आणि बोलण्याखाली नुसता तंबोरा. वेगळ्या फाइली मिळत नसतील तर बोलण्याखाली वापरायला दुसरं संगीत शोधा. शब्द गायलेलं गाणं तर बोलण्याखाली कोणत्याच पातळीला बसत नाही.

ऑटो डक

ऑडॅसिटीतलं `Auto Duck` त्याच `Volume and Compression` मध्ये आहे. त्याला ट्रॅकची मांडणी विशिष्ट लागते. वर संगीताचा ट्रॅक, त्याच्या लगेच खाली निवेदनाचा. निवडायचा फक्त संगीताचा ट्रॅक. निवेदनाचा ट्रॅक निवडलेला नको, तो नुसता खाली असला की पुरे. निवेदन वर असेल किंवा दोन्ही ट्रॅक निवडलेले असतील तर तो काम न करता सूचना दाखवतो.

आणखी दोन गोष्टी आधी करा. संगीताच्या ट्रॅकची प्रत काढून ती म्यूट करून ठेवा, कारण हा इफेक्ट लाटच बदलून टाकतो आणि उद्या आकडे बदलावेसे वाटले तर मूळ हाताशी हवं. दुसरं, निवेदनाची पातळी ट्रॅकच्या डावीकडच्या सरकपट्टीने ठेवलेली नको, वर केली तशी इफेक्टनेच ठेवलेली हवी. ऑटो डक ट्रॅकमधला मूळ आवाज वाचतो.

खिडकी उघडली की आधीच भरलेले आकडे दिसतात: `Duck amount` उणे 12, `Threshold` उणे 30, `Maximum pause` एक सेकंद, बाहेरचे दोन्ही फेड अर्धा सेकंद, आतले दोन्ही शून्य. जाहिरातीला किंवा बातमीला हे चालतील. कथावाचनाला चालत नाहीत आणि का चालत नाहीत ते समजून घेतलं की आपले आकडे आपल्यालाच काढता येतात.

`Maximum pause` म्हणजे किती लांबीच्या शांततेपर्यंत संगीताने खालीच थांबायचं. आमची निवेदिका दोन वाक्यांत साधारण एक सेकंद थांबते, परिच्छेद बदलताना दोन सेकंद, प्रसंग बदलताना पाच-सहा. एक सेकंदाच्या मर्यादेने संगीत जवळपास प्रत्येक वाक्यानंतर डोकं वर काढायचं आणि लगेच खाली जायचं. ऐकणाऱ्याला बोटीत बसल्यासारखं होतं. मी ते तीन सेकंद केलं. आता संगीत प्रसंगाच्या सांध्यांवरच वर येतं, म्हणजे जिथे यायला हवं तिथेच. तुमच्या निवेदकाचे थांबे लाटेवर माऊसने निवडून मोजा आणि सर्वांत लांब परिच्छेद-थांब्यापेक्षा जास्त आणि सर्वांत छोट्या प्रसंग-थांब्यापेक्षा कमी असा आकडा भरा.

`Outer fade down length` म्हणजे शब्द सुरू होण्याच्या किती आधी संगीताने उतरायला लागायचं. संपूर्ण निवेदन फाइलमध्ये आधीच असल्यामुळे ऑटो डकला पुढचं दिसतं, ही त्याची मोठी सोय आहे. एक सेकंद ठेवलं. `Outer fade up length`, म्हणजे शब्द संपल्यावर वर यायला लागणारा वेळ, दीड सेकंद. आतले दोन्ही फेड शून्यच ठेवा, ते बोलणं चालू असतानाच्या वेळात संगीत हलवतात.

आता `Threshold`. निवेदन किती मोठं झालं की बोलणं सुरू आहे असं मानायचं, ती ही रेषा. मराठीत बोलताना इथे एक खास अडचण येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं आणि वाक्य संपताना आवाज उतरतो. 'दार आतून बंद होतं' यातलं 'होतं' जवळजवळ श्वासावर म्हटलं जातं. उणे 30 च्या रेषेला ते बोलणं वाटत नाही. परिच्छेदाच्या मध्ये काही बिघडत नाही, कारण तीन सेकंदांचा थांबा सांभाळून घेतो. पण प्रसंगाच्या शेवटच्या वाक्यात संगीत 'बंद'नंतरच वर यायला लागायचं आणि 'होतं' त्याखाली बुडायचं. कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं क्रियापद बरेचदा नेमकं तिथेच असतं.

म्हणून रेषा उणे 38 ला आणली. दीड सेकंदाचा फेड इथेही मदतीला येतो. समजा यंत्राला शेवट पाव सेकंद आधी झाल्यासारखा वाटला, तरी तेवढ्या वेळात 14 पैकी जेमतेम अडीच डेसिबल संगीत वर येतं.

रेषा किती खाली नेता येते हे खोलीवर ठरतं. पंख्याची घरघर उणे 40 ला असेल आणि रेषाही तिथेच नेली, तर यंत्राला सतत कोणीतरी बोलतंय असं वाटेल आणि संगीत कुठेच वर येणार नाही. हेच त्याचं लक्षण. संगीत सगळीकडे खालीच राहिलं तर रेषा वर घ्या. मोकळ्या जागेत निवेदिकेने घसा खाकरला असेल किंवा पान उलटलं असेल तर तेवढ्यासाठीही संगीत दचकून खाली जातं. अशा जागा निवडून आधीच शांत करा. आमच्या फाइलमध्ये चार निघाल्या.

आमचे शेवटचे आकडे असे: `Duck amount` उणे 14, `Threshold` उणे 38, `Maximum pause` 3, बाहेरचे फेड 1 आणि 1.5, आतले शून्य.

रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये

तिथे हेच काम साइडचेन कॉम्प्रेसरने होतं. कॉम्प्रेसर बसतो संगीतावर, पण दाबायचं कधी ते तो निवेदन ऐकून ठरवतो. रीपरमध्ये निवेदनाच्या ट्रॅकवरून संगीताच्या ट्रॅकच्या 3/4 वाहिनीवर एक सेंड, म्हणजे आवाज तिकडे पोचवणारी वाट, जोडायचा, संगीतावर `ReaComp` लावायचा आणि `Detector input` मध्ये `Auxiliary Inputs` निवडायचं. फायदा असा की काहीच कायमचं बदलत नाही. निवेदन पुन्हा कापलं तरी संगीत आपोआप जुळतं.

पण ऑटो डक ठरलेले 14 डेसिबल उतरवतो, तसं इथे होत नाही. निवेदन रेषेच्या जितकं वर, तितकं संगीत जास्त दबतं. रेषा उणे 40, प्रमाण तीनास एक आणि निवेदन उणे 18 असेल तर ते रेषेच्या 22 वर आहे. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे साडेचौदा डेसिबल संगीत उतरतं. निवेदिका कुजबुजली आणि उणे 28 ला गेली की उतरतात आठच. गरज नेमकी उलट असते, कुजबुजीला जास्त जागा लागते. यावर उपाय म्हणजे निवेदन आधी वर सांगितल्याप्रमाणे कॉम्प्रेस करून मगच सेंडला द्यायचं. तेवढ्याने चढउतार कमी होतात. कुजबुजीच्या एक-दोन जागा उरल्या तर तिथे संगीत हाताने खाली ओढा. `Attack` 100 आणि `Release` 1200 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. थांब्याची मर्यादा इथे बहुधा वेगळी मिळत नाही, म्हणून वर येण्याचा वेळच लांब ठेवावा लागतो.

पाऊस खाली-वर करू नका

पहिल्या मिश्रणात मी संगीताबरोबर पावसालाही डकिंग लावलं होतं. तर्क बरोबर वाटला होता, बोलणं सुरू झालं की सगळंच खाली जावं. ऐकल्यावर कळलं की संगीत खाली गेलेलं श्रोत्याला चालतं, कारण ते कथेच्या बाहेरून येतं. पाऊस कथेच्या आत आहे. निवेदिका बोलायला लागली म्हणून घाटातला पाऊस कमी झाला, हे कान मान्य करत नाही.

म्हणून पावसाची पातळी एकच ठेवली, उणे 40 लफ्स. निवेदनापेक्षा 22 खाली. तरीही तो शब्दांवर चढत होता आणि याचं कारण पावसाच्या आवाजातच आहे. पाऊस म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेली सरसर. 'स', 'श', 'च' यांचा आवाजही तशीच सरसर, बरीचशी 4000 हर्ट्झच्या वर. दोन्ही एकमेकांत विरघळतात. `Low-Pass Filter` ने पावसाचा 4000 च्या वरचा भाग उतरवला. पाऊस बसच्या बाहेर पडतोय आणि आपण काचेच्या आत आहोत, असा त्याचा परिणाम झाला. कथेला तोच हवा होता. प्रसंग उघडा, बाहेर भिजण्याचा असता, तर मी फिल्टर न लावता पातळी आणखी चार डेसिबल उतरवली असती.

पावसाला जर बदलायचंच असेल तर कथेतल्या कारणाने बदला. बसचं दार उघडतं तिथे मी तो दोन सेकंद आठ डेसिबलने वर घेतला आणि फिल्टरही काढला. पातळी `Envelope Tool` ने हाताने चढवली. त्या दोन सेकंदांत कोणी बोलत नाही, याची खात्री करून.

थाप, दार, हॉर्न

क्षणभराचे आवाज लफ्सने मोजून उपयोग नाही, सरासरीत ते हरवतात. त्यांच्यासाठी शिखर बघा आणि कानावर विश्वास ठेवा. मी सुरुवातीला थापेचं शिखर निवेदनाच्या नेहमीच्या शिखरांपेक्षा सहा डेसिबल खाली ठेवते आणि तिथून ऐकत वर-खाली करते.

पातळीपेक्षा जागा महत्त्वाची. थाप ऐकू येत नाही म्हणून ती मोठी करण्याआधी बघा की ती शब्दावर पडते आहे का. आमची पहिली थाप 'कोण' या शब्दावर पडत होती. थाप वर घेतली की 'कोण' जायचा, खाली घेतली की थाप. चार दशांश सेकंद अलीकडे, वाक्याआधीच्या श्वासात सरकवली, तेव्हा आधीपेक्षा तीन डेसिबल कमी ठेवूनही ती दचकवायला लागली.

मोबाइलचा छोटा स्पीकर खालच्या पट्ट्या जवळपास वाजवतच नाही. बसच्या इंजिनाची घरघर हेडफोनवर भरदार होती, मोबाइलवर गायब. ती वर चढवून उपयोग नव्हता, नुसतं हेडफोनवाल्यांना त्रास झाला असता. इंजिनाच्या आवाजात खडखडणाऱ्या काचेचा आवाज मिसळला. काच वरच्या पट्टीत वाजते, म्हणून मोबाइलवरही बस चालू असल्याचं कळतं.

शेवटची पातळी आणि ऐकून बघणं

सगळं एकत्र करून स्टीरिओ फाइल काढली आणि मोजली. उणे 17.8 लफ्स, शिखर उणे 2.6. निवेदन उणे 18 होतं आणि बाकी सगळं मिळून जेमतेम 0.2 ची भर पडली, यावरून तोल बरोबर असल्याचं कळतं. हा आकडा निवेदनापेक्षा दीड-दोनने वर गेला असता, तर कुठेतरी संगीत किंवा पाऊस जास्त झाला आहे असं समजले असते.

ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे 16 लफ्सच्या आसपास, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि शिखर उणे 1 च्या आत अशी आहे. यूट्यूब साधारण उणे 14 च्या वरचं खाली ओढतं, पण त्याखालचं वर उचलत नाही. एकच फाइल दोन्हीकडे टाकायची होती, म्हणून उणे 16 धरलं. 1.8 डेसिबल वाढवले की शिखर उणे 0.8 ला जात होतं, म्हणून `Limiter` लावून ते उणे 1.5 ला अडवलं. ही पायरी एकत्र केलेल्या फाइलवर करायची, म्हणजे आतला तोल हलत नाही. लिमिटरने फक्त ओरडण्याच्या आणि थापेच्या जागा स्पर्शल्या. तो बोलताना सतत काम करताना दिसला तर मागे जाऊन निवेदनाचा कॉम्प्रेसर तपासा.

मग हेडफोन काढून ठेवले. मोबाइलवर फाइल लावून आवाज इतका कमी केला की जेमतेम ऐकू येईल, आणि तसाच आणखी कमी करत गेले. आधी पाऊस नाहीसा व्हायला हवा, मग तंबोरा, शब्द सर्वांत शेवटी. पाचव्या मिनिटाला एका जागी तंबोरा शब्दांनंतरही ऐकू येत होता. बघितलं तर निवेदिका तिथे स्वतःशीच पुटपुटते. त्या अकरा सेकंदांत तंबोरा आणखी पाच डेसिबल उतरवला.

फाइल आईकडे पाठवताना मी काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला आणि तिने विचारलं की दार उघडल्यावर तो माणूस 'आत येऊ का' म्हणतो की 'आत घेऊ का'. मी ती जागा पुन्हा ऐकली. तिथे दाराच्या कडीचा आवाज 'येऊ'वर पडत होता. कडी अर्ध्या सेकंदाने मागे घेतली आणि फाइल पुन्हा काढली.